खांबाला गुंडाळत जाणारा चेंडू: दोरी आखूड झाली की वेग वाढतो ना? मग मोजल्यावर का सापडत नाही?

रिकामी_रिळे

मंडळी, घरात भांडण लागलंय, निवाडा करा.

माझी भाची अमेरिकेतून सुट्टीला आली आहे. तिथे शाळेच्या मैदानात टेदरबॉल नावाचा खेळ असतो. उंच लोखंडी खांब, त्याच्या टोकाला दोरी, दोरीला चेंडू. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकाने डावीकडून हाणायचा, दुसऱ्याने उजवीकडून, आणि ज्याच्या बाजूने दोरी पूर्ण गुंडाळली जाईल तो जिंकला. तिला इथे करमेना म्हणून सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टाचा एक खांब घेतला, जुन्या मोज्यात लेदर बॉल कोंबला आणि सुतळीने वर बांधला.

ती म्हणाली, "मामा, शेवटी शेवटी हा एवढा फास्ट का होतो?" मी लगेच मास्तरकी केली. स्केटिंग करणारी बाई हात जवळ घेते तेव्हा गरगर फिरते, कोनीय संवेग टिकतो, अंतर कमी झालं की वेग वाढतो वगैरे. बारावीला पाठ केलेलं सगळं ओकलो.

पोरगी बारा वर्षांची. तिने मोबाईल स्लो मोशनला लावला, सेकंदाला २४० फ्रेम. शिडीवर चढून वरून शूटिंग केलं आणि फ्रेम मोजत बसली. सुतळी गाठीपासून चेंडूच्या मध्यापर्यंत १ मीटर २० सेंमी, खांबाचा घेर १५ सेंमी. निकाल असा:

पहिली फेरी: ३५६ फ्रेम, म्हणजे दीड सेकंदाला थोडी कमी.
चौथी फेरी: २४८ फ्रेम.
सातवी फेरी: ८३ फ्रेम.

फेऱ्या भराभर होतायत हे खरंच. पण त्या त्या फेरीत चेंडू किती अंतर कापतो हे तिने चित्रावरून काढलं आणि वेळेने भागलं, तर पहिल्या फेरीत सेकंदाला ४.१ मीटर, चौथीत ३.५ आणि सातवीत २.९. वाढायच्या ऐवजी कमी! आता ती मला "मामा, रॉंग आन्सर" म्हणते आहे. कुठे चुकलं, तिचं की माझं?

अर्धा_कप

तुमचंच बरोबर आहे, मोजणी चुकली असणार. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूवरचं बल केंद्राकडे असतं, त्यामुळे टॉर्क शून्य, त्यामुळे कोनीय संवेग कायम. त्रिज्या अर्धी झाली की चाल दुप्पट. मोबाईलचा कॅमेरा तिरपा असेल तर अंतरं चुकतात. पुन्हा करून बघा.

लेगकटर

मोज्यात बॉल! आम्ही चौथीत असताना हेच करायचो, पण आंब्याच्या फांदीला. स्ट्रेट ड्राइव्हची प्रॅक्टिस. एक सांगतो, बॉल परत येताना नेहमी जरा उशिरा येतो, त्यामुळे फ्रंट फूटवर घाई करू नका. आणि मोज्यात बॉल घालताना शिवण आडवी ठेवा.

रिकामी_रिळे

@लेगकटर, तो वेगळा धागा काढा की राव. इथे बॉल खांबाला गुंडाळतोय.

तिरपी_रेघ

भाचीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. ती बरोबर आहे, तुम्ही चुकलात, आणि @अर्धा_कप यांनी नेमकी तीच चूक केली जी आमच्या वर्गातली निम्मी मुलं करतात. (अकरावी-बारावीला शिकवते, म्हणून माहीत.)

आधी एक गोष्ट. "फास्ट होतो" या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. एक, मिनिटाला किती फेऱ्या होतात. दुसरी, चेंडू स्वतः सेकंदाला किती मीटर धावतो. पहिली झपाट्याने वाढते, डोळ्यांना तीच दिसते. दुसरी वाढत नाही. सातव्या फेरीत वाटच मीटरभर उरली आहे, तर ती कमी वेळात संपणारच.

आता चाल का वाढत नाही ते. घरी स्टीलचा ग्लास पालथा घाला, त्याला दोरा दोन-तीन वेढे गुंडाळा, टोकाला पेन्सिल बांधा आणि दोरा ताणलेला ठेवून उलगडत कागदावर रेघ ओढा. मग कुठल्याही क्षणी थांबून दोरा आणि रेघ यांच्या कोपऱ्यात गुण्या लावा. प्रत्येक ठिकाणी काटकोन मिळेल. कारण दोरा जिथे ग्लासला सोडतो, तो ठिपका त्या क्षणापुरता स्थिर असतो आणि पेन्सिल त्याच्याभोवती फिरत असते. पुढच्या क्षणी ठिपका बदलतो, पण तेव्हाही तेच.

म्हणजे दोरीचा ताण चेंडूच्या वाटेला नेहमी आडवा. आडव्या ओढीने दिशा वळते, चाल बदलत नाही. ताण काहीच काम करत नाही. तर मग चाल वाढवायला लागणारी ऊर्जा आणणार कुठून? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

अर्धा_कप

थांबा, हे पटत नाही. चेंडू पहिल्यांदा खांबापासून मीटरभर लांब होता, शेवटी खांबाला चिकटला. म्हणजे तो आत आला. दोरी त्याला आत ओढत होती. बल आत, सरकणं आत, मग काम झालंच की.

तिरपी_रेघ

प्रश्न चांगला आहे, इथेच खरी मेख आहे.

चेंडू खांबाच्या *मध्याच्या* जवळ येतो हे खरं. पण दोरी त्याला मध्याकडे ओढतच नाही. ती खांबाच्या सालीकडे, एका कडेकडे ओढते. मध्य आणि ती कड यांच्यात खांबाच्या निम्म्या जाडीएवढा, म्हणजे अर्ध्या व्यासाचा फरक आहे. चेंडूची वाट मध्याच्या दृष्टीने थोडी आत कललेली असते आणि दोरीची दिशा मध्यापासून बरोबर तेवढीच कललेली असते. दोन्ही कल असे जुळतात की काटकोन कायम राहतो.

आणि याच कारणाने तुमचा कोनीय संवेगही टिकत नाही. बल मध्यातून जात नाही, अडीच सेंमी बाजूने जातं, म्हणजे टॉर्क आहे. तो उलट्या दिशेने आहे. संवेग हळूहळू खांबातून जमिनीत जातो.

अर्धा_कप

बरं, मग खांब अगदी बारीक घेतला तर? सायकलच्या आरीएवढा? भुजा जवळजवळ शून्य, टॉर्क शून्य. तेव्हा तरी संवेग टिकेल ना?

तिरपी_रेघ

नाही. खांब निम्म्या जाडीचा केला तर भुजा निम्मी होते, पण वेढे दुप्पट लागतात आणि वेळही दुप्पट लागतो. निम्मा टॉर्क दुप्पट वेळ, हिशोब तिथल्या तिथे. खांब कितीही बारीक करा, दोरी संपेपर्यंत संवेग सगळा गेलेला असतो.

उलट तपासून बघा. तुमचं म्हणणं खरं असतं तर पहिल्या फेरीत मीटरभर लांब असलेला चेंडू सातव्या फेरीत १६ सेंमीवर आला, म्हणजे चाल सहापट झाली असती. ४.१ चे सहापट म्हणजे सेकंदाला २५ मीटर, ताशी ९० किलोमीटर. मोज्यातला लेदर बॉल ताशी नव्वदने बॅडमिंटनच्या खांबावर आदळला असता तर सोसायटीची मीटिंग बोलवावी लागली असती. ऊर्जा छत्तीसपट. एकदा हात मारून सोडलेल्या चेंडूला ती कुणी दिली?

गोठा_नंबर_२

भौतिकशास्त्र मला कळत नाही, पण हे आमच्याकडे रोज घडतं. शेळी खुंट्याला बांधली की ती चरत चरत एकाच अंगाने फिरते आणि दावं गुंडाळत जातं. शेवटी तोंड खुंट्याला टेकतं आणि ओरडायला लागते. ती काही शेवटी पळायला लागत नाही बरं का. चालते तशीच, पण फेऱ्या लवकर होतात. मग मोकळी करायला मलाच उलट्या फेऱ्या मारायला लागतात.

खळ्यावरची मळणी आठवली. तिथे मेढीला बैल बांधायचे तेव्हा दावं मेढीभोवती सैल फिरेल असं ठेवायचे, नाहीतर मेढीजवळचा बैल अडकायचा.

तिरपी_रेघ

@गोठा_नंबर_२, शेळी स्वतःच्या पायाने चालते, त्यामुळे ऊर्जेचा हिशोब तिला लागू नाही. पण "चालते तशीच, फेऱ्या लवकर होतात" हे वाक्य मी उद्या वर्गात वापरणार आहे.

पाटी_पेन्सिल

मग स्केटिंगवालीचं काय? तिथे तर वेग खरंच वाढतो. आणि आमच्या प्रयोगशाळेत नळीतून दोरी ओढायचा प्रयोग होता, त्यातही वाढायचा. तो खोटा होता का?

तिरपी_रेघ

तो खराच. रिकाम्या बॉलपेनची नळी घ्या, त्यातून दोरा घाला, वरच्या टोकाला खोडरबर, खालचं टोक हातात. डोक्यावर फिरवा आणि खालून दोरा ओढा. इथे दोरी नळीच्या तोंडातून, म्हणजे मध्यातूनच ओढते, टॉर्क नाही, संवेग टिकतो. आणि रबर सर्पिल वाटेने आत येताना ताण वाटेला काटकोनात नसतो, थोडा पुढच्या बाजूला झुकलेला असतो, म्हणून चाल वाढते. ऊर्जा तुमच्या हातातून जाते. ओढताना बोटांना ओढ जाणवते, दोरा आत यायला कुरकुरतो, तेच काम. स्केटिंगवालीलाही हात जवळ आणायला स्नायूंची ताकद लावावी लागते.

खांबाच्या प्रयोगात ओढणारा कुणीच नाही. खांब नुसता उभा. दोन्हीकडे दोरी आखूड होते म्हणून दोन्ही एकच वाटतात, एवढंच.

आणखी जुना पुरावा हवा असेल तर गॅलिलिओचा आहे, १६३८ मध्ये छापलेला. लंबक सोडायचा आणि दोऱ्याच्या वाटेत मध्येच एक खिळा ठोकायचा. दोरा खिळ्याला अडकतो, लंबक एकदम आखूड होतो, वळण घट्ट होतं, पण गोळा पलीकडे पहिल्याच उंचीइतका वर जातो. दोरा आखूड झाल्याने चाल वाढली असती तर तो जास्त वर गेला असता. किल्ली दोऱ्याला बांधून मध्ये पेन्सिल आडवी धरा, दोन मिनिटांचं काम आहे. गुंडाळणारी दोरी म्हणजे असे असंख्य खिळे एकापुढे एक.

रिकामी_रिळे

आत्ताच केलं, किल्ली आणि पेन्सिल. जवळजवळ तेवढीच वर जाते. भाची टाळ्या वाजवते आहे.

पण मग एक राहिलं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे चाल *तशीच* राहायला हवी. आमची तर ४.१ वरून २.९ वर आली. जवळजवळ तीस टक्के गेली. कुठे?

अर्धा_कप

हवा. दुसरं काय.

तिरपी_रेघ

हवा आहेच, पण सगळी हवा नाही. खांब उभा आहे हे विसरू नका. टेबलावर आडवं केलं असतं तर चाल तशीच राहिली असती. उभ्या खांबावर उंचीचा प्रश्न येतो.

@रिकामी_रिळे, चेंडू सुरुवातीला खांबाच्या टोकापासून किती खाली होता आणि शेवटी किती खाली होता, हे बाजूने बघितलंत का?

रिकामी_रिळे

बाजूने परत शूट केलं. सुरुवातीला दोरी खांबाशी साधारण ६० अंशांत, चेंडू टोकाच्या ६० सेंमी खाली. शेवटी चिकटला तेव्हा ४३ सेंमी खाली. म्हणजे १७ सेंमी *वर* चढला! मला वाटलं होतं गुंडाळताना खाली येईल. सुतळीचे वेढे तर खांबावर खाली खाली उतरतायत.

तिरपी_रेघ

हीच सगळ्यात गमतीची जागा आहे. वेढे खाली उतरतात, पण दोरी त्याच वेळी आडवी होत जाते. मोकळी दोरी जितकी आखूड, तितकी त्याच चालीला ओढ जास्त लागते, आणि ओढ वजनाच्या तुलनेत वाढली की दोरी आडवी व्हायला बघते. वेढ्यांमुळे चेंडू जेवढा खाली जातो आणि दोरी आखूड झाल्याने जेवढा वर येतो, ते दोन्ही अगदी समान असतात, एकमेकांना खातात. उरतो तो फक्त दोरी आडवी होण्यामुळे आलेला चढ. म्हणून चेंडू एकंदरीत वर चढतो आणि चढाची किंमत चालीतून देतो.

खांब बारीक, वेढे सरकत नाहीत आणि हवा नाही असं धरून हे कागदावर सोडवता येतं. उत्तर फार छोटं येतं: शेवटची चाल म्हणजे सुरुवातीची चाल गुणिले सुरुवातीच्या कोनाचा साईन.

`v(शेवट) = v(सुरुवात) × sin θ`

तुमच्या ६० अंशांना साईन ०.८७. १.२ मीटर दोरीला त्या कोनात फिरायला ४.२ ची चाल लागते, ती शेवटी ३.६ झाली असती आणि चेंडू साडेबावीस सेंमी चढला असता. तुमच्याकडे २.९ आणि १७ सेंमी. म्हणजे दिशा बरोबर, फरकाचा धनी वेगळा.

आता जमाखर्च. लेदर बॉल १६० ग्रॅमचा धरते. ४.१ च्या चालीला ऊर्जा १.३४ ज्यूल, २.९ ला ०.६७. बरोबर निम्मी गेली. १७ सेंमी चढायला ०.२७ लागले. उरलेले ०.४ ज्यूल हवेने, मोज्याने आणि सुतळीच्या कुरकुरीने खाल्ले. सात-आठ फेऱ्यांत चेंडू पंचवीसेक मीटर धावला, तेवढ्या वाटेत एवढी गळती मला अजिबात जास्त वाटत नाही. म्हणजे @अर्धा_कप निम्म्याहून जास्त बरोबर.

अर्धा_कप

आयडी सार्थकी लागला.

पाटी_पेन्सिल

अमेरिकेतला तो खरा चेंडू तर पोकळ असतो ना, व्हॉलीबॉलसारखा? मग त्याला हवा आणखी खाईल.

तिरपी_रेघ

हो. आकार मोठा, वजन त्या मानाने कमी, आणि दोरी लांब असल्याने वाटही लांब. हलकी थाप मारून सोडला तर तो पूर्ण गुंडाळला जाण्याआधीच मरगळून लोंबायला लागत असेल. भाचीला विचारा.

रिकामी_रिळे

विचारलं. म्हणाली, एका फटक्यात गुंडाळायला खूप जोरात मारावा लागतो, नाहीतर दोन-तीन वेळा मारत राहायचं. आणि शेवटच्या फेऱ्यांत हात मध्ये घालायचा नाही, लागतो.

लेगकटर

लागतो म्हणजे जोर वाढला ना? हळू झालेला चेंडू लागेल कसा?

तिरपी_रेघ

@लेगकटर, आता विषयावर आलात. लागतो, कारण हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही, एक चुकवेपर्यंत दुसरी फेरी हजर. शिवाय दोरी करकचून ताणलेली असते, बोटं दोरीत सापडली तर सोलवटतात. सुरुवातीला या मोजेवाल्या सुतळीवर ताण तीन न्यूटनच्या आसपास, सातव्या फेरीत आठच्या वर. चाल कमी होऊनही ताण अडीचपट, कारण वळण घट्ट.

झिलई

मी फर्निचरच्या कारखान्यात काम करतो. स्टेनलेसच्या पॉलिश केलेल्या पाईपवर नायलॉनच्या दोरीने हेच केलं होतं, सुतळीने नव्हे. शेवटी चेंडू सरळ सरळ जोरात गेला, फट् करून आवाज. मोजला नाही, पण डोळ्यांना आणि कानांना कळतं. तुमच्या साईनच्या सूत्राप्रमाणे हे कसं?

तिरपी_रेघ

पॉलिशवर नायलॉनचे वेढे तसेच बसून राहिले का, की घसरून खाली आले? माझं सगळं गणित "वेढे सरकत नाहीत" यावर उभं आहे. वेढे खाली घसरले तर चेंडूही खाली येतो, आणि खाली आला तर चाल खरोखर वाढू शकते. पण तेव्हा वाढीचं कारण उतार आहे, आखूड दोरी नव्हे. आणि घसरताना घर्षणात ऊर्जा जातेही, त्यामुळे शेवटी जमा की खर्च, हे न मोजता मी सांगणार नाही. आवाजावरून तर मुळीच नाही, फट् आवाज कडक पाईपचाही असेल.

झिलई

वेढे खाली गोळा झाले होते हे आठवतंय. पण चेंडू असताना की नंतर, ते नाही सांगता येत. पाईपवर मार्करने रेघा मारून परत करतो, रविवारी.

गोठा_नंबर_२

आमच्याकडे दावं घसरू नये म्हणून खुंट्याला खाच पाडतात. तेवढं करा.

रिकामी_रिळे

भाचीचा नवीन प्रश्न: खांबच बेअरिंगवर बसवला, म्हणजे तो चेंडूबरोबर फिरू शकतो, तर? संवेग जमिनीत जाणारच नाही ना?

अर्धा_कप

मग तरी माझं खरं ठरेल?

तिरपी_रेघ

मग चेंडू आणि खांब मिळून संवेग टिकेल, एकट्या चेंडूचा नाही. ताण खांबाला चेंडूच्याच दिशेने फिरवू लागेल, चेंडूची थोडी ऊर्जा खांबाकडे जाईल आणि गुंडाळणं मंदावेल. खांब हलका असेल तर तो इतका पटकन चेंडूच्या बरोबरीला येईल की दोरी फारशी गुंडाळलीच जाणार नाही. जड असेल तर आत्तासारखंच जवळपास. मध्ये कुठे काय होतं, किती वेढ्यांनंतर गुंडाळणं थांबून उलटं उलगडायला लागतं, ते मी अजून सोडवलेलं नाही. कुणाकडे जुन्या सीलिंग फॅनची बेअरिंग पडली आहे का?

झिलई

माझ्याकडे दोन आहेत.